चुरगळलेल्या थर्मल पावतीच्या फोटोतून नाव, तारीख, रक्कम: चूक फोटोत की वाचण्यात?

वागळे_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या सर्व्हिस कंपनीत हिशेब बघतो. आमची मुलं रबाळे, महापे, तळोजा अशी दिवसभर फिरतात आणि महिनाअखेरीस पावत्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. पँटच्या मागच्या खिशातून निघालेल्या, घामाने आणि पावसाने मऊ झालेल्या, चार घड्या पडलेल्या. मला प्रत्येक पावतीतून तीनच गोष्टी हव्या असतात: दुकानाचं नाव, तारीख आणि एकूण रक्कम. त्या एक्सेलमध्ये गेल्या की माझं काम संपलं.

हाताने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून टेसरॅक्ट हे फोटोतली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर बसवून घेतलं. कोऱ्या करकरीत पावत्या ते छान वाचतं. चुरगळलेल्यांचं मात्र काही खरं नाही. ठाण्यातल्या एका हॉटेलची जेवणाची पावती घ्या, तिच्यातून हे बाहेर आलं:

```
~ Sri .. a ) |
Date 05/08/25   13:42
Sub Total      4l2.00
CGST 2.5%       10.30
SGST 2.5%       1O.3O
Round Off        0.40
Grand T tal    138.00
Cash           500.00
Change          67.00
```

बरोबर मधली घडी ग्रँड टोटलच्या ओळीवरून गेली आहे. नाव म्हणजे वरचा कचरा. तारीख वाचली बरोबर, पण माझ्या पायथन स्क्रिप्टने ती मे महिन्यात नेऊन ठेवली. आता नक्की काय सुधारू, फोटो काढायची पद्धत की पुढचं सॉफ्टवेअर?

चंदू_कळवेकर

एवढा विचार कशाला भाऊ? मोबाइलच्या स्कॅनर ॲपमध्ये काळं-पांढरं मोड लावायचा, कॉन्ट्रास्ट वाढवायचा, झालं. आणि रक्कम ओळखायला पावतीवरचा सगळ्यात मोठा आकडा उचलायचा. टोटल सगळ्यात मोठीच असते ना! फारच चुरगळली असेल तर पातळ फडकं टाकून हलकी इस्त्री फिरवा, कागद सरळ होतो.

तुर्भे_प्रिंटरवाला

चंदूभाऊ, इस्त्री नका हो सांगू कुणाला. थर्मल कागदात शाई नसतेच, उष्णता लागली की वरचा थर काळा होतो आणि त्याचीच अक्षरं दिसतात. इस्त्री फिरवलीत तर अख्खी पावती काळी होईल, फडकं टाका नाहीतर घोंगडी. सपाट करायची असेल तर दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जाड फायलींच्या गठ्ठ्याखाली रात्रभर ठेवा. छापील भागावर सेलोटेप चिकटवू नका आणि प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, दोन्हीमुळे अक्षरं उडतात.

वागळेदादा, मी बिलिंग मशीन आणि प्रिंटर दुरुस्त करतो, त्यामुळे या पावत्यांशी रोजचा संबंध. तुमच्या पावतीत तीन वेगळे घोटाळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. आधी घडीचं बघू.

घडीवर काळा पट्टा दिसतो तो दोन कारणांनी असू शकतो, आणि पांढरा पट्टा तिसऱ्या. काळा पट्टा म्हणजे एकतर घडीची सावली, नाहीतर दाबाने किंवा मळाने काळवंडलेला कागद. पांढरा पट्टा म्हणजे वरचा थरच खरवडून गेलेला, तिथलं अक्षर कायमचं गेलं. ओळखायची सोपी युक्ती: पावती टेबलावर ठेवा, टेबललॅम्प आधी डाव्या बाजूला धरा, मग उजव्या. पट्टा दिव्याबरोबर सरकला तर ती सावली. जागच्या जागी राहिला तर कागदच खराब झालाय.

सावली असेल तर तिचा बंदोबस्त होतो. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा आणि एकही मिलिमीटर न हलवता दोन फोटो काढा, एक डावीकडून उजेड, एक उजवीकडून. घडीची सावली पहिल्या फोटोत एका बाजूला पडते, दुसऱ्यात दुसऱ्या. छापील अक्षर मात्र दोन्हींत काळंच. मग प्रत्येक ठिपक्यासाठी दोन्हींतला जास्त उजळ घ्यायचा:

```python
import cv2, numpy as np
a = cv2.imread("dava.jpg", 0)
b = cv2.imread("ujva.jpg", 0)
g = np.maximum(a, b)
bg = cv2.medianBlur(cv2.dilate(g, np.ones((15, 15), np.uint8)), 51)
cv2.imwrite("saf.png", cv2.divide(g, bg, scale=255))
```

शेवटच्या दोन ओळी उरलेला कमी-जास्त उजेड सारखा करतात. अक्षरं पुसून फक्त कागदाच्या उजेडाचा नकाशा बनवायचा आणि मूळ फोटोला त्याने भागायचं. स्कॅनर ॲपचा काळा-पांढरा मोड एकच मर्यादा अख्ख्या पानाला लावत असेल तर सावलीतला कागदही काळा ठरतो आणि फिकट अक्षर पांढरं. ३ चा ८ अशा कारणानेही होऊ शकतो.

एक सांभाळा. फ्लॅश किंवा थेट चमक पडली तर ही युक्ती उलटते, कारण चमक सगळ्यात उजळ असते आणि तीच निवडली जाते. थर्मल कागद गुळगुळीत असतो, चमकतो. दिव्यापुढे बटर पेपर धरा.

नौपाड्याचे_आजोबा

विषय चांगला काढलात. मी निवृत्त आहे. औषधांच्या पावत्या विम्यासाठी लागतात, त्या पुसट होतात म्हणून मुलाने कौतुकाने लॅमिनेट करून आणल्या. आता सगळ्या काळ्या ठिक्कर. त्यातून रक्कम काढायचा काही उपाय आहे का? वरच्या पोस्टमधला तो इंग्रजी मजकूर मी छापून घेतलाय, पण तो पावतीवर कुठे लावायचा ते कळलं नाही.

तुर्भे_प्रिंटरवाला

आजोबा, तो मजकूर कॉम्प्युटरसाठी आहे, पावतीवर काही लावायचं नाही. लॅमिनेशनच्या गरम रोलरने कागद आणि अक्षर दोन्ही सारखेच काळे केले, त्यातून आता कुठलाही फोटो काही काढू शकणार नाही. पण औषधाच्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये बिल असतं. अंदाजे तारीख आणि पेशंटचं नाव सांगा, दुसरी प्रत छापून देतील. ती मिळाली की त्याच दिवशी साधी झेरॉक्स काढून ठेवा. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने पुन्हा काळी व्हायचा प्रश्न नाही.

नौपाड्याचे_आजोबा

आभारी आहे. उद्याच जातो. मुलाला हे वाचायला देतो.

मृण्मयी_ऐरोली

वागळेदादा, तुम्ही नावासाठी वरच्या ओळीच्या मागे लागलात, तिथेच गाडी चुकली. नाव बहुतेक पावत्यांवर चित्र म्हणून छापलेलं असतं किंवा वळणदार मोठ्या अक्षरात, ते कुठलंही ओसीआर धड वाचत नाही. त्याच्या खाली जीएसटी नंबर साध्या अक्षरात असतो. तो धरा. तुमच्या मजकुरात तो दिसत नाही. पावतीवर नाही की वाचला गेला नाही?

आम्ही ऑफिसात एक साधी यादी ठेवली आहे: जीएसटी नंबर आणि समोर नाव. मुलं जेवायला, सामान घ्यायला फिरून फिरून त्याच दुकानांत जातात. एखादा नंबर पहिल्यांदा आला की जीएसटीच्या साइटवर टाकून नाव बघायचं आणि यादीत घालायचं. पुढच्या वेळी नाव वाचायची गरजच नाही.

वागळे_हिशेबनीस

ताई, नंबर पावतीवर आहे, दोन अक्षरं संशयास्पद वाटली म्हणून मीच ती ओळ काढून टाकली होती. एका ठिकाणी शून्य की ओ आणि एका ठिकाणी ५ की एस.

मृण्मयी_ऐरोली

अहो, ती तर सगळ्यात सोपी दुरुस्ती आहे! त्या १५ जागांना ठरलेला साचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्याकडे २७. पुढचे दहा म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. मग एक जागा नोंदणीच्या क्रमाची, चौदाव्या जागी झेड, आणि शेवटचं तपासणीचं अक्षर. म्हणजे आठव्या ते अकराव्या जागेत ओ दिसला तर तो शून्यच. तिसऱ्या ते सातव्या जागेत ५ दिसला तर तो एसच. डोकं लावायचं कामच नाही.

फक्त तेराव्या आणि पंधराव्या जागेला हे चालत नाही, तिथे आकडा किंवा अक्षर काहीही येऊ शकतं.

तुर्भे_प्रिंटरवाला

त्यासाठीच शेवटचं अक्षर आहे. पहिल्या चौदांवरून ते काढता येतं. जुळलं तर वाचन बरोबर:

```python
A = "0123456789ABCDEFGHIJKLMNOPQRSTUVWXYZ"
def ok(g):
    s = 0
    for i, c in enumerate(g[:14]):
        p = A.index(c) * (1 + i % 2)
        s += p // 36 + p % 36
    return A[(36 - s % 36) % 36] == g[14]
```

एखादं अक्षर चुकलं असेल तर हे हमखास पकडतं. दोन चुकली तर क्वचित निसटू शकतं, पण आधी मृण्मयीताईंच्या साच्यातून गाळून घेतलं की तशी वेळ फारशी येत नाही. मात्र हॉटेलच्या पावतीवर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरही असतो, त्याला जीएसटी समजू नका. तो सगळे आकडेच असतो.

चंदू_कळवेकर

माझ्या मोठ्या आकड्याचं काय झालं? त्यावर कुणी बोललंच नाही.

तुर्भे_प्रिंटरवाला

बोलतो ना. याच पावतीला लावून बघा. सगळ्यात मोठा आकडा ५००, म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेली नोट. हिशेबनीसांनी तो धरला तर त्या मुलाला ६७ रुपये फुकटचे. रोख आणि परत दिलेले पैसे या ओळी वगळून मोठा आकडा घ्या, मग तुमचं म्हणणं पुष्कळदा खरं ठरतं. सुपरमार्केटच्या बिलात तरीही फसाल, तिथे एमआरपीची बेरीज खऱ्या रकमेपेक्षा मोठी छापलेली असते.

त्यापेक्षा पावतीलाच साक्षीदार करा. ग्रँड टोटल १३८ वाचली गेली. आता बाकीच्या ओळींना विचारा. ४१२.०० अधिक १०.३० अधिक १०.३० म्हणजे ४३२.६०. राउंड ऑफ ०.४० मिळवले की ४३३.००. दुसरा साक्षीदार: ५०० वजा ६७, पुन्हा ४३३. घडीखालची ओळ न वाचताच उत्तर मिळालं, आणि तेही दोन वेगळ्या वाटांनी. वाचलेल्या १३८ मधला मधला ३ तेवढा बरोबर होता, ४ चा १ झाला आणि ३ चा ८.

मी नियम असा ठेवतो: ग्रँड टोटल यापैकी एका तरी बेरजेशी जुळली तर हिरवी खूण, नाहीतर माणसाने बघायची. आकड्यांच्या ओळींत एल दिसला तर १ आणि ओ दिसला तर ० करायला हरकत नाही. नावाच्या ओळीत मात्र हे करू नका.

वागळे_हिशेबनीस

हे पटलं. पण समजा सब टोटलची ओळही गेली आणि रोखीऐवजी यूपीआयने दिले असतील तर? तेव्हा परतीचे पैसे नसतात.

मृण्मयी_ऐरोली

कर वाचता येतोय ना? मग तोच उलटा फिरवा. सीजीएसटी अडीच टक्के म्हणून १०.३०, म्हणजे मूळ रक्कम १०.३० भागिले ०.०२५, बरोबर ४१२.

तुर्भे_प्रिंटरवाला

थोडं सांभाळून, ताई. १०.३० हा पैशापर्यंत गोल केलेला आकडा आहे. खरा कर १०.२९५ ते १०.३०५ मध्ये कुठेही असेल, आणि मूळ रक्कम ४११.८० ते ४१२.२० मध्ये. खालच्या टोकाला एकूण येतात ४३२.३९, ते गोल होऊन ४३२ झाले असते. इथे मेन्यूवरचे सगळे भाव पूर्ण रुपयांत आहेत म्हणून ४१२ हा एकच पर्याय उरतो. वजनावर विकणाऱ्या मिठाईच्या दुकानात असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तिथे बँकेच्या स्टेटमेंटमधली यूपीआयची नोंद बघा, रक्कम आणि तारीख दोन्ही कळतात.

आता तारीख. तुमचा मे महिना कुठून आला तेही सांगतो. स्क्रिप्टमध्ये `dateutil` चा `parse` वापरलाय का?

वागळे_हिशेबनीस

हो, तोच.

तुर्भे_प्रिंटरवाला

वाटलंच. तो मूळचा अमेरिकन चालीचा, महिना आधी धरतो. ०५/०८/२५ म्हणजे त्याच्या लेखी ८ मे. आणि खरी गंमत पुढे आहे: २५/०८/२५ दिलंत तर २५ वा महिना नसतो म्हणून तो गुपचूप दिवस आधी धरतो. म्हणजे महिन्याच्या १३ तारखेपासूनच्या पावत्या बरोबर आणि आधीच्या बारा तारखांपैकी अकरा चुकीच्या महिन्यांत, ०८/०८ सारखी एक तेवढी वाचते. निम्मा रिपोर्ट ठीक दिसतो म्हणून कुणाला शंकाच येत नाही. `dayfirst=True` लावलं तरी उलट्या बाजूने तीच लवचिकता राहते. त्यापेक्षा साचा बांधून द्या:

```python
datetime.strptime("05/08/25", "%d/%m/%y")
```

यात न बसणारी तारीख आली की ते सरळ अडून बसतं. तेच आपल्याला हवं. काही मशीनवर ०५-ऑग-२५ अशी छापतात, त्यासाठी दुसरा साचा ठेवा. शिवाय निघालेली तारीख त्या महिन्याच्या रिपोर्टात बसते का, आणि पुढची तर नाही ना, एवढं तपासा. ८ चा ६ वाचला गेला तर ऑगस्टची पावती जूनमध्ये जाईल, ती याच गाळणीत अडकेल. दिवसाचा आकडा चुकला तर मात्र हे पकडत नाही. तेव्हा त्याच हॉटेलच्या बाकीच्या पावत्या काढून बिल नंबरचा क्रम बघायचा.

वागळे_हिशेबनीस

आज ऑफिस सुटल्यावर बसलो. दोन बाजूंनी लॅम्प लावून फोटो काढले, स्टँड नव्हता म्हणून मोबाइल पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून वर ठेवला. ग्रँड टोटल आता ४३८.०० वाचते. म्हणजे ४ आला, शेवटचा ३ अजून ८ दिसतोय. भिंगातून पाहिलं तर त्या ३ च्या डाव्या बाजूला काळसर डाग आहे, दिवा फिरवला तरी हलत नाही. बेरीज ४३३ सांगते, म्हणून तेच धरलं. जीएसटी नंबर तपासणीत पास झाला. नाव साइटवरून मिळालं.

पण नावात नवीनच भानगड. बोर्डावर एक नाव, साइटवर कायदेशीर नाव म्हणून मालकाचं स्वतःचं, आणि व्यापारी नाव तिसरंच. रिपोर्टमध्ये कुठलं लिहू?

मृण्मयी_ऐरोली

व्यापारी नाव. आणि शेजारच्या रकान्यात जीएसटी नंबर, म्हणजे वाद नको.

घणसोली_फिरस्ता

मी दुसऱ्या टोकाचा, म्हणजे पावत्या देणारा. साहेब लोक, आम्ही क्लेममध्ये लिहितो ते बोर्डावरचं नाव, आणि अकाउंट्सवाले परत पाठवतात की असं दुकानच यादीत नाही. जेवलो तिथे मालकाचं नाव मला कसं माहीत असणार? बोर्डावरचंच नाव ठेवा की.

आणि पेट्रोलचं काय? त्याच्यावर जीएसटी नाही. ती पावती तर सगळ्यात आधी उडते, गाडीच्या डॅशबोर्डवर एक दुपार राहिली की संपली.

तुर्भे_प्रिंटरवाला

पेट्रोलच्या पावतीवर बेरीज नसते, पण गुणाकार असतो. दर, लिटर आणि रक्कम, तिन्ही छापलेले. यातले कुठलेही दोन वाचता आले की तिसरा तपासता येतो. दर १०३.५० आणि ४.८३ लिटर धरा, गुणाकार येतो ४९९.९१, आणि पावतीवर ५००. लिटर दोनच दशांशांपर्यंत छापतात म्हणून पन्नासएक पैशांचा फरक चालवून घ्यायचा, त्याहून जास्त असेल तर काहीतरी चुकीचं वाचलंय.

डॅशबोर्डवर ठेवूच नका. पावती हातात पडली की तिथेच फोटो काढा, तेव्हा ती चुरगळलेलीही नसते. फोटोत कागदाची रुंदी निदान हजार पिक्सेल भरेल इतका जवळून. ८० मिलिमीटरच्या रोलवरचं नेहमीच्या आकाराचं कॅपिटल अक्षर सुमारे अडीच मिलिमीटर उंच असतं, ते तेव्हा तीसेक पिक्सेलचं होतं आणि टेसरॅक्टला तेवढं मानवतं. लांब पावती एका फोटोत कोंबू नका, वरचा आणि खालचा भाग वेगळा काढा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की तो लहान होतो.

वागळेदादा, साफ केलेल्या फोटोवर हे चालवून बघा:

```
tesseract saf.png out --psm 4
```

नेहमीच्या मोडमध्ये ते डावीकडचे शब्द आणि उजवीकडचे आकडे कधी कधी दोन वेगळे रकाने समजतं, मग कुठला आकडा कुठल्या ओळीचा ते कळेनासं होतं. ४ ने जमलं नाही तर ६.

चंदू_कळवेकर

एवढं सगळं करण्यापेक्षा हाताने टाइप केलं तर लवकर होणार नाही का? खरंच विचारतोय.

वागळे_हिशेबनीस

दहा-वीस पावत्या असत्या तर होय, चंदूभाऊ. माझ्याकडे शे-दीडशे येतात. त्यातल्या बऱ्याचशा सरळ असतात, त्या मशीनने वाचाव्यात आणि बेरीज न जुळणाऱ्या तेवढ्या मी बघाव्यात, असं ठरवतोय. दोन दिव्यांचा खटाटोपही तेवढ्यांसाठीच.

मृण्मयी_ऐरोली

त्या बाजूला काढलेल्या पावत्यांचे मूळ कागद फेकू नका. जीएसटीसाठी हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि थर्मल कागद तोवर टिकत नाही. फोटो आणि कागद दोन्ही, एकाच क्रमांकाखाली. जेवणाच्या बिलावर कंपनीला सहसा कराची वजावट मिळत नाही, पण खर्च म्हणून दाखवायला पुरावा लागतोच.

घणसोली_फिरस्ता

माझा एक प्रश्न राहिलाच. पार्किंगवाला छापील पावतीवर पेनाने रक्कम खोडून नवीन लिहितो. छापील २०, पेनाने ४०. दिले मी ४०. मशीन २० वाचणार. तिथे बेरीजही नाही, गुणाकारही नाही, जीएसटी नंबरही नाही.

तुर्भे_प्रिंटरवाला

त्याला माझ्याकडे इलाज नाही. पेनाची शाई निळी असेल तर रंगीत फोटोत खाडाखोड आहे एवढं मशीनला ओळखता येईल, म्हणजे पावती बाजूला काढता येईल. ४० खरे की नाही ते मशीनने कसं सांगायचं?

मृण्मयी_ऐरोली

आमच्याकडे अशा वेळी छापील रक्कमच देतात. मुलं चिडतात.

घणसोली_फिरस्ता

चिडणारच की हो ताई. वीस रुपये कुणाच्या खिशातून गेले?